साडेपाच अंश आणि जादा दिवस

प्रश्न: सर, पोलीस भरती आणि संयुक्त पूर्व परीक्षा, दोन्हींची तयारी करतोय. घड्याळाच्या काट्यांमधला कोन आणि "अमुक तारखेला कोणता वार" या दोन्ही प्रकरणांची सूत्रं पाठ आहेत, तरी सराव पेपरात उत्तर हमखास शेजारच्या पर्यायावर जातं. विषम दिवसांची शॉर्टकट नेमकी कशी वापरायची आणि चूक कुठे होते?

उत्तर:

आधी घड्याळ घेऊ, कारण तिथली चूक बहुतेक वेळा एकच असते. सात वाजून वीस मिनिटांनी दोन काट्यांत किती अंशांचा कोन असतो, हे मी नव्या तुकडीला पहिल्याच तासाला विचारतो. बहुतेकांचं उत्तर ९० येतं. मिनिटकाटा ४ वर, तासकाटा ७ वर, मधली घरं तीन, एका घराचे ३० अंश, म्हणून ९०. पेपर काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे पर्यायांत ९० असतोच. पण सात वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा तासकाटा ७ वर राहिलेलाच नसतो. त्याला एका तासात ७ पासून ८ पर्यंत, म्हणजे ३० अंश सरकायचं असतं. वीस मिनिटांत त्यातले १० अंश तो सरकलेला असतो, आणि तेही मिनिटकाट्यापासून दूर. म्हणून खरा कोन १०० अंश.

मिनिटकाटा ६० मिनिटांत ३६० अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. तासकाटा ६० मिनिटांत ३० अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. दोघं एकाच दिशेने धावतात, म्हणून मिनिटकाटा तासकाट्याशी असलेलं अंतर मिनिटाला साडेपाच अंशांनी तोडतो. घड्याळाच्या प्रकरणातलं जवळजवळ सगळं गणित या साडेपाचमध्ये आहे.

आता तेच उदाहरण शर्यतीसारखं बघा. बरोबर सात वाजता मिनिटकाटा १२ वर उभा आहे आणि तासकाटा त्याच्या २१० अंश पुढे आहे. वीस मिनिटांत मिनिटकाट्याने २० गुणिले ५.५, म्हणजे ११० अंश भरून काढले. उरले १००. तुम्ही पाठ केलेलं सूत्र हेच आहे:

कोन = ३० × तास − ५.५ × मिनिटे

पहिला भाग म्हणजे तासाच्या ठोक्याला तासकाट्याकडे असलेली आघाडी, दुसरा भाग म्हणजे त्यातून भरून निघालेलं अंतर. असं समजून घेतलं की ऋण उत्तराची भीती जाते. ३ वाजून ४० मिनिटं घ्या. ९० वजा २२०, म्हणजे उणे १३०. याचा अर्थ मिनिटकाट्याने तासकाट्याला गाठलं आणि तो आता १३० अंश पुढे आहे. कोन १३० अंशच. दुसरीकडे, १० वाजून १० मिनिटांना ३०० वजा ५५, म्हणजे २४५ येतात. हा वर्तुळाच्या मोठ्या बाजूचा कोन झाला. प्रश्नात "लघुकोन", "विशालकोन" किंवा नुसतं "दोन काट्यांमधील कोन" असं विचारलं असेल तर ३६० मधून वजा करून ११५ घ्यायचे. "प्रविशाल कोन" विचारला असेल तरच २४५. हा शब्द घाईत वाचायचा राहतो आणि सगळं गणित बरोबर असूनही गुण जातो.

इथे पर्याय उडवायची एक छोटी युक्ती सांगतो. मिनिटं विषम असतील तर ५.५ ने गुणल्यावर शेवटी अर्धा येणारच, त्यामुळे उत्तरातही अर्धा अंश असलाच पाहिजे. मिनिटं सम असतील तर उत्तर पूर्ण अंशांत येतं. ८ वाजून २५ मिनिटांच्या प्रश्नात पर्याय १०२, १०२.५, १०३ आणि १०५ असतील तर आकडेमोड न करताच १०२.५ वर खूण करता येते. (पडताळा: २४० वजा १३७.५.)

उलटा प्रश्न थोडा जास्त फसवतो: "४ ते ५ च्या दरम्यान काटे किती वाजता काटकोनात असतील?" चार वाजता तासकाट्याची आघाडी १२० अंश. काटकोन दोनदा होऊ शकतो. एकदा मिनिटकाटा ९० अंश मागे असताना, तेव्हा त्याने ३० अंश भरून काढलेले असतात. आणि एकदा तो गाठून ९० अंश पुढे गेल्यावर, तेव्हा त्याने २१० अंश तोडलेले असतात. जे अंश तोडायचे त्यांना ५.५ ने भागलं की मिनिटं मिळतात. ५.५ ने भागणं म्हणजे २ ने गुणून ११ ने भागणं, तेच करा, दशांशात शिरू नका. ३० × २/११ म्हणजे ६०/११, म्हणजे ५ पूर्णांक ५/११ मिनिटे. २१० × २/११ म्हणजे ४२०/११, म्हणजे ३८ पूर्णांक २/११ मिनिटे. काटे एकमेकांवर कधी येतील असं विचारलं असतं तर पूर्ण १२० तोडायचे होते: २४०/११, म्हणजे २१ पूर्णांक ९/११ मिनिटे.

काही पुस्तकांत हेच "मिनिटांच्या घरां"नी शिकवतात आणि १२/११ ने गुणायला सांगतात. २० घरं × १२/११ केलं तरी २४०/११ च येतात. दोन्हीपैकी एक पद्धत धरा. चुका होतात त्या अर्धी पद्धत अंशांची आणि अर्धी घरांची वापरल्याने: १२० अंशांना १२/११ ने गुणलेलं मी कितीतरी वह्यांत पाहिलंय.

दिवसभरात काटे किती वेळा काटकोनात येतात, यावर बरेच जण ४८ म्हणतात, कारण प्रत्येक तासात दोनदा. पण २ ते ३ या तासात बघा. आघाडी ६० अंश. मिनिटकाटा गाठून ९० अंश पुढे जाईल तेव्हा १५० तोडलेले असतील, म्हणजे ३००/११, २७ पूर्णांक ३/११ मिनिटे. दुसरा काटकोन होतो तो बरोबर ३ वाजता, आणि तोच ३ ते ४ या तासाचा पहिला काटकोन असतो. दोन्ही तासांनी एकच क्षण मोजला. असंच ९ वाजताही होतं. म्हणून १२ तासांत २४ ऐवजी २२ आणि दिवसात ४४. काटे एकमेकांवर १२ तासांत ११ वेळाच येतात, कारण ११ ते १ मध्ये ते एकदाच, ठीक १२ ला भेटतात.

आता दिनदर्शिका. "विषम दिवस" हा शब्द मला खटकतो, कारण विषम म्हटलं की विद्यार्थ्याच्या डोक्यात १, ३, ५ येतात आणि लीप वर्षाचे २ विषम दिवस कसे, असा गोंधळ होतो. अर्थ एवढाच की पूर्ण आठवडे बाजूला काढल्यावर जे दिवस उरतात ते. मी त्यांना जादा दिवस म्हणतो. ३६५ दिवसांत ५२ आठवडे बसतात आणि १ दिवस जादा उरतो. लीप वर्षात २ उरतात. ३१ दिवसांच्या महिन्यात ३, ३० च्यात २, फेब्रुवारीत शून्य किंवा लीप वर्षी १. वार फक्त या उरलेल्या दिवसांनी पुढे सरकतो, पूर्ण आठवडे त्याला हलवत नाहीत.

शतकाचं गणित एकदा स्वतः करून बघा, मग पाठ करावं लागणार नाही. १०० वर्षांत २४ लीप वर्षं (शंभरावं वर्ष लीप नसतं), ७६ साधी. ४८ अधिक ७६ म्हणजे १२४, सातने भागून बाकी ५. २०० वर्षांत ५ अधिक ५, म्हणजे १०, बाकी ३. ३०० वर्षांत १५, बाकी १. चारशेव्या वर्षाला ४०० ने भाग जातो म्हणून ते लीप असतं, त्यामुळे २० ऐवजी २१ आणि बाकी शून्य. म्हणजे दर ४०० वर्षांनी वारांचं चक्र पुन्हा तसंच सुरू होतं. १६०० आणि २००० पर्यंतची वर्षं सरळ शून्य धरायची.

महाराष्ट्राच्या स्थापनेचा दिवस घेऊ: १ मे १९६०. पूर्ण झालेली वर्षं १९५९. त्यातल्या १६०० चे शून्य. पुढच्या ३०० चे १. उरली ५९ वर्षं. ५९ ला ४ ने भागून भागाकार १४, तेवढी लीप वर्षं. प्रत्येक वर्षाचा एक आणि लीपचा आणखी एक, म्हणून ५९ अधिक १४, म्हणजे ७३, बाकी ३. वर्षांचे मिळून ४. आता १९६० मधले महिने: जानेवारी ३, फेब्रुवारी १ (१९६० लीप आहे), मार्च ३, एप्रिल २. बेरीज ९, बाकी २. मे महिन्याचा १ दिवस. सगळे मिळून ४ अधिक २ अधिक १, म्हणजे ७, बाकी शून्य. शून्य म्हणजे रविवार, १ म्हणजे सोमवार, ६ म्हणजे शनिवार. १ मे १९६० ला रविवार होता.

शून्याला रविवार का, हे विद्यार्थी विचारत नाहीत, पण समजलं तर बरं. ही मोजणी मागे नेली तर इ.स. १ च्या १ जानेवारीला सोमवार येतो. त्या दिवशी एकच जादा दिवस, म्हणून १ ला सोमवार आणि त्याच्या आदल्या शून्याला रविवार.

इथे हमखास चूक होते ती १९५९ ऐवजी १९६० धरण्याची. ६० ला ४ ने भाग जातो, त्यामुळे १९६० चा लीप दिवस वर्षांतही मोजला जातो आणि फेब्रुवारीतही. तारीख ज्या वर्षातली आहे ते वर्ष अजून संपलेलं नाही, म्हणून ते वर्षांच्या हिशेबात कधीच येत नाही. त्याचा हिशेब महिन्यांतून होतो.

आता खरी शॉर्टकट. दर वेळी इ.स. १ पासून मोजायची गरज नाही. एखादा माहीत असलेला वार खुंटीसारखा पक्का ठेवा आणि तिथून पुढे-मागे जा. माझ्या खुंट्या तीन: १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, २६ जानेवारी १९५० गुरुवार, १ मे १९६० रविवार. समजा १ मे २०१० चा, राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवसाचा, वार काढायचा आहे. मधे ५० वर्षं, म्हणून ५० जादा दिवस. शिवाय मधल्या २९ फेब्रुवारी मोजायच्या. १९६४ पासून २००८ पर्यंत त्या १२ आहेत. ५० अधिक १२, म्हणजे ६२, बाकी ६. रविवारापासून ६ पुढे, म्हणजे शनिवार.

यात १९६० चा लीप दिवस मोजला तर १३ होतात, बाकी शून्य येते आणि उत्तर रविवार. ही चूक अगदी हुशार मुलांकडूनही होते, कारण १९६० लीप आहे हे त्यांना ठाऊक असतं. पण प्रवास १ मे पासून सुरू झाला. २९ फेब्रुवारी १९६० तोवर होऊन गेली होती. वर्ष लीप आहे का हा प्रश्नच नाही. तुमच्या दोन तारखांच्या मधे २९ फेब्रुवारी पडते का, एवढंच विचारा. "मागच्या वर्षी याच तारखेला कोणता वार होता" हा प्रश्नही याच विचाराने सुटतो. १० मार्च २०२४ ला रविवार होता. १० मार्च २०२३ कडे मागे जाताना वाटेत २९ फेब्रुवारी २०२४ लागते, म्हणून दोन वार मागे: शुक्रवार. पण १० फेब्रुवारी २०२४ (शनिवार) वरून १० फेब्रुवारी २०२३ कडे जाताना ती लागत नाही, म्हणून एकच वार मागे: पुन्हा शुक्रवारच.

एकाच वर्षातल्या दोन तारखा असतील तर पहिला दिवस मोजू नका, शेवटचा मोजा. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार, तर त्याच वर्षी २ ऑक्टोबरला कोणता? ऑगस्टचे उरलेले १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे २. एकूण ४८, बाकी ६. शुक्रवारापासून ६ पुढे म्हणजे गुरुवार. पंधरा ऑगस्टही मोजला तर ४९ होतात आणि शुक्रवार येतो. तुम्ही लिहिलंय की उत्तर शेजारच्या पर्यायावर जातं. माझा अंदाज आहे की बहुतेक वेळा हा एकच दिवस जास्त मोजला जात असेल. पुढच्या पाच चुकलेल्या गणितांत हे तपासून बघा.

"हीच दिनदर्शिका पुन्हा कोणत्या वर्षी वापरता येईल" या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण इथे दोन अटी लागतात आणि मुलं एकच बघतात. २०२६ घ्या. २०२६ चा १, २०२७ चा १, २०२८ लीप म्हणून २, मग २०२९, २०३०, २०३१ चे एकेक. बेरीज ७. म्हणजे १ जानेवारी २०३२ चा वार १ जानेवारी २०२६ चाच. बरेच जण इथे थांबून २०३२ लिहितात. पण २०३२ लीप आहे, मार्चपासून पुढचे सगळे वार एकने सरकतील. पुढे चला: २०३२ चे २, मग २०३३, २०३४, २०३५ चे एकेक, म्हणजे ५, आणि २०३६ लीप असल्याने २, म्हणजे ७. २०३७ साधं वर्ष आहे. उत्तर २०३७. यातून जो नियम निघतो तो असा: लीप वर्षानंतरच्या पहिल्या वर्षाची दिनदर्शिका ६ वर्षांनी जुळते, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची ११ वर्षांनी, खुद्द लीप वर्षाची २८ वर्षांनी. मधे २१०० सारखं लीप नसलेलं शतकवर्ष आलं की हा नियम बिघडतो, तेव्हा वर्षागणिक मोजावं. आणि जुळतात ते फक्त तारखा आणि वार. २०२६ चं भिंतीवरचं कॅलेंडर जपून २०३७ ला लावलं तर त्यातल्या तिथी, एकादश्या आणि संकष्ट्या त्या वर्षाच्या म्हणून धरता येणार नाहीत.

शेवटी या पद्धतीची मर्यादा, जी मला एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे नीट मांडावी लागली. शिवजयंतीच्या दिवशी तिने १९ फेब्रुवारी १६३० चा वार काढला. १६०० चे शून्य. २९ वर्षांचे २९ अधिक ७, म्हणजे ३६, बाकी १. जानेवारीचे ३. तारखेचे १९, बाकी ५. एकूण ९, बाकी २: मंगळवार. पण जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. तिची आकडेमोड तीनदा तपासली, चूक नव्हती.

चूक दिनदर्शिकेत होती. जादा दिवसांची ही पद्धत ग्रेगोरियन दिनदर्शिकेची आहे, जी १५८२ मध्ये युरोपात काही देशांत सुरू झाली. इंग्रजांनी मात्र ती सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर ते जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते, आणि शिवकाळातल्या इंग्रजी तारखा इतिहासाच्या पुस्तकांत त्याच पद्धतीने दिलेल्या असतात. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे. तिच्यात १० दिवस मिळवले की ग्रेगोरियन तारीख १ मार्च १६३० येते. आता मोजा: वर्षांचे १, जानेवारीचे ३, फेब्रुवारीचे शून्य, मार्चचा १. एकूण ५: शुक्रवार. शकावलीशी तंतोतंत जुळलं.

तारखा उडी मारतात तेव्हाही वारांची साखळी तुटत नाही, म्हणून हा हिशेब जमतो. इंग्लंडमध्ये २ सप्टेंबर १७५२ ला बुधवार होता आणि दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर, गुरुवार. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता. १४ सप्टेंबर १७५२ चा वार वरच्या पद्धतीने काढून बघा: १७०० चे ५, ५१ वर्षांचे ५१ अधिक १२, म्हणजे ६३, बाकी शून्य, ऑगस्टअखेर महिन्यांचे २०, बाकी ६, तारखेचे १४, बाकी शून्य. ११, बाकी ४, गुरुवार. तेव्हा परीक्षेत १७५२ नंतरची तारीख असेल तर निर्धास्तपणे मोजा. त्याआधीची एखादी तारीख दिली असेल आणि प्रश्नात वेगळं काही सांगितलं नसेल, तर पेपर काढणाऱ्याने हीच पद्धत गृहीत धरलेली असते, म्हणून तिथे तिच्याप्रमाणे येणारं उत्तरच लिहा. इतिहासाच्या टिपणात मात्र तो वार उतरवू नका.